हॉस्टेलला निघालेल्या भाचीला आईच्या लुगड्यांची गोधडी द्यायची आहे. मदत हवी.

मृणाल_सुदामानगर

नमस्कार मंडळी. माझी भाची, भावाची मुलगी, आर्किटेक्चरला पुण्याला चालली आहे. हॉस्टेल मिळालंय, तिघींची खोली आहे, जुलैच्या शेवटी निघेल. सतरा वर्षांची आहे आणि घर सोडून राहायची पहिलीच वेळ. घरातले सगळे काही ना काही देणार आहेत: काका बॅग, मामा मोबाइल. आत्या म्हणून मला तिला गोधडी द्यायची आहे.

माझ्या आईची, म्हणजे तिच्या आजीची, तीन नऊवारी लुगडी माझ्याकडे ट्रंकेत आहेत. एक हिरवं, एक गर्द मरून, एक निळं. ही पोर आजीच्या कुशीत झोपून मोठी झाली आहे. आई जाऊन काही वर्षं झाली तरी हिवाळ्यात ती अजून आजीची शाल घेऊन अभ्यासाला बसते. म्हणून हे डोक्यात आलं.

अडचणी अशा. मला साधं शिवण येतं, पण गोधडी कधी घातलेली नाही. तीन लुगड्यांत किती मोठी होईल, अंदाज येत नाही. शिवाय भाऊ म्हणतो, आईची लुगडी कापू नकोस. आणि वहिनीचं म्हणणं, हॉस्टेलात गोधडी धुणार कोण, त्यापेक्षा राजवाड्यावरून चांगली जयपुरी रजाई आण. दोघांचंही मला पटतं आणि तरी गोधडीच द्यावीशी वाटते. ज्यांनी घातली आहे त्यांनी सांगा, आणि जे हॉस्टेलात राहिले आहेत त्यांनीही सांगा.

ग्वाल्हेरचे_शिंदे

ताई, वहिनी बरोबर बोलताहेत. आमचा मुलगा दिल्लीला शिकायला गेला तेव्हा आम्ही लष्करमधल्या पिंजाऱ्याकडून कापूस नव्याने पिंजून मोठी रजाई भरून दिली. डिसेंबर-जानेवारीत ती नसती तर पोराचं काही खरं नव्हतं. गोधडीने थंडी भागत नाही. आठवण वेगळी आणि थंडी वेगळी. रजाई द्या, खोळ चांगल्या कापडाची शिवा.

निखिल_पुणे

शिंदेकाका, दिल्लीची गोष्ट वेगळी. पुण्यात डिसेंबरात पहाटे चांगलं गार होतं, पण रात्रभर खिडकी लावलेली असते, खोलीत तीन माणसं असतात. भरलेली रजाई मी इंदूरहून नेली होती. वर्षातले दहा महिने ती कॉटखाली बॅगेत होती, आणि कॉटखालची तेवढीच जागा आपली असते. पावसाळ्यात तिला असा कुबट वास लागला की पार्टनरने बाहेर ठेवायला लावली. कापूस भरलेली रजाई धुता येत नाही, ऊन दाखवावं लागतं, आणि पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणायचं कुठून?

मृणालताई, गोधडी चालेल, पण पातळ हवी. घरी जाडजूड आठ थरांच्या असतात तशी नको. माझी कसोटी साधी आहे: हॉस्टेलच्या बाथरूममधल्या बादलीत ती बुडली पाहिजे आणि एकट्या मुलीला पिळता आली पाहिजे. ओली गोधडी तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर न्यायची असते, हे देणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

केतकी_जोशी

किती सुंदर कल्पना! माझ्याकडून दोन गोष्टी. एक, मरून रंग नक्की जाणार, म्हणून लुगडी आधी मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजत घाला, रंग कायमचा बसतो. दोन, वरचा थर एखाद्या जुन्या माहेश्वरीचा किंवा रेशमी साडीचा घ्या, फार देखणी दिसेल. आमच्या ओळखीत एकींनी पैठणीच्या काठांची केली आहे.

वसुधाताई_रामचंद्रनगर

मृणाल, मी आयुष्यभर गोधड्या घातल्या आहेत, अजूनही दुपारी एखादी अंथरलेली असते. सविस्तर लिहिते, घाई करू नकोस.

पहिलं काम कापणं नाही, पारखणं. लुगडी ट्रंकेतून काढ आणि एकेक उजेडासमोर धरून बघ. कापड नेहमी घडीवर आधी विरतं. घडीची रेघ जिथे आहे तिथे दोन्ही अंगठे जवळ धरून आडवं हलकं ताण. कापड करकरून फाटलं किंवा दोरे सरकून जाळी दिसली तर तेवढा भाग बाद. बसायची जागा आणि टाचेकडचा काठही असाच बघ. मऊ झालेलं चालतं, किंबहुना मऊच हवं, पण मऊ आणि विरलेलं यात फरक आहे आणि तो हातालाच कळतो.

दुसरं, ती सुती आहेत ना? निळ्याबद्दल मला शंका आहे. एका काळात टेरिकॉटची लुगडी घरोघरी आली होती. काठाजवळचे चार दोरे काढून, पाण्याची वाटी शेजारी ठेवून, काडीने पेटव. सुती दोरा कागदासारखा वास देऊन जळतो आणि राख बोटात चुरते. टेरिकॉट वितळतो आणि टोकाला कडक मणी होतो. मणी झाला तर ते लुगडं गोधडीत नको. घाम शोषत नाही, आणि सुती थरांबरोबर धुतलं की एक आटतं, एक तसंच राहतं, मग गोधडीला पोट येतं.

केतकी, रेशमाचं म्हणून नको गं. दिसायला छान, पण रेशीम साबणाच्या पाण्यात वारंवार धुवायचं कापड नाही. माहेश्वरीत बऱ्याचदा ताणा रेशमी आणि बाणा सुती असतो. धावदोऱ्याचा ताण आला की टाक्याच्या भोकापासून ती चिरत जाते. भिंतीवर टांगायची असेल तर घाला, मुलीने रोज पांघरायची असेल तर नाही.

आणि मीठ. मिठाने त्या पाण्यापुरता रंग कमी सुटतो, कायमचा बसत नाही. पुढे साध्या पाण्यात पडलं की पुन्हा सुटतो. मरून लुगडं एकटं धुवत राहा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. मग ओलसर पांढरा रुमाल त्यावर ठेवून गरम इस्त्री दाब. रुमालावर डाग नाही उमटला तर घे. उमटत राहिला तर ते पांढऱ्या किंवा फिक्या कापडाशेजारी लावू नकोस.

मृणाल_सुदामानगर

वसुधाताई, आत्ताच बघून आले. निळ्याचा मणी झाला! तुम्ही न बघता ओळखलंत. हिरवं आणि मरून दोन्ही सुती आहेत. हिरव्याला मधल्या घडीवर दोन ठिकाणी जाळी आहे, मरून धड आहे.

पण दोन्हींना डांबराच्या गोळ्यांचा भयंकर वास येतोय. एकदा धुतलं, वास गेला नाही. अत्तर किंवा कम्फर्ट वगैरे घालू का?

वसुधाताई_रामचंद्रनगर

काही घालू नकोस. डांबराची गोळी पाण्यात विरघळत नाही, हवेत उडून जाते. म्हणून धुण्याने वास जात नाही, वाऱ्याने जातो. घडी न करता दोरीवर पसरून पंख्याखाली टाक, रोज बाजू पालट. आठवडाभरात उतरतो. वास असताना शिवायला घेऊ नकोस, थरांत अडकला की महिनोन्‌महिने राहतो.

आता माप. हॉस्टेलची कॉट किती रुंद आहे, विचारलंस का?

मृणाल_सुदामानगर

भाचीने विचारून सांगितलं: कॉट तीन बाय सव्वासहा फूट. तिची उंची पाच फूट चार इंच.

वसुधाताई_रामचंद्रनगर

छान. मग हिशेब असा. अंथरायची असती तर लुगड्याच्या एका पन्ह्यात भागलं असतं. पांघरायला पाच फूट रुंदी लागते, नाहीतर कुशीवर वळलं की पाठ उघडी पडते. आणि लुगड्याचा पन्हा पंचेचाळीस इंचाच्या आसपास, म्हणजे पावणेचार फूट. लांबीच्या दिशेने तुकडे कापलेस तर रुंदी पुरत नाही, जोड द्यावा तर कापड वाया जातं.

म्हणून उलट कर. लुगड्याचे पाच-पाच फुटांचे तुकडे कर आणि दोन तुकडे पन्ह्याच्या बाजूने एकाखाली एक ठेव. काठ सगळ्यांचे काढून घ्यायचे, काठ जाड असतो, आतल्या थरांत राहिला तर सुई अडते. तीन-तीन इंचांचे दोन्ही काठ गेले की तुकडा एकोणचाळीस इंच उरतो. दोन मिळून साडेसहा फूट. पाच बाय साडेसहा, शिवणीत जाऊन थोडं कमी, तुझ्या भाचीला बरोबर.

नऊवारी म्हणजे नऊ वार, सत्तावीस फूट. त्यात असे पाच तुकडे बसतात, आणि एका थराला दोन लागतात. दोन लुगड्यांत पाच थर होतील. पण निखिल म्हणतो ते मला पटलं आहे. मी चारच थर घालीन.

बडोद्याची_अनु

मी बडोद्याहून. मध्येच लिहिते आहे, पण मृणालताईंच्या भावाचं काय झालं? लुगडी कापू नका म्हणणारे. माझ्या सासरी असंच झालं होतं, सासूबाईंच्या साड्यांच्या गोधड्या केल्या आणि नणंदेला ते फार लागलं, दोन वर्षं दांडिया बाजारातल्या घरी आली नाही. ज्या वस्तूवर घरातल्या दोन माणसांचा जीव असतो ती एकाने कापू नये, असं माझं मत. भाचीला एखादं लुगडं तसंच द्या ना, ती नुसतं पांघरेल. मऊ सुती लुगडं दुहेरी करून पांघरतातच की.

मृणाल_सुदामानगर

अनु, तू नेमकं दुखतं तिथेच बोट ठेवलंस. भाऊ अजून राजी नाही. हिरवं लुगडं आई वटसावित्रीला नेसायची, त्याला हात लावू देणार नाही म्हणतो. मरूनचं तो बोलत नाही, पण तोंड पाडून बसतो.

वसुधाताई_रामचंद्रनगर

मग हिरव्याला हात लावू नकोस, जाळी पडलेलं आहेच, तसंच ठेव. एका लुगड्यात होतं.

वरचा थर आणि खालचा थर मिळून चार तुकडे, वीस फूट. सत्तावीसातले सात फूट उरले. पदराकडचे सात फूट बाजूला ठेव, पदर अख्खा राहतो, तो भावाला दे. आतले दोन थर दिसतच नाहीत. तुमच्या घरी वडिलांची जुनी धोतरं असतील? धोतराइतकं चांगलं आतलं कापड नाही. मऊ, पांढरं, अनेक वेळा धुऊन आटायचं तेवढं आटलेलं. एका धोतरात पाच फुटांचे दोन तुकडे आरामात निघतात, म्हणजे एक थर. दोन धोतरं झाली की आतलं काम झालं. फक्त मरून पांढऱ्याशेजारी येणार, म्हणून ती रुमालाची परीक्षा दोनदा कर.

आतल्या थरांना जोड शिवायचा नाही, तुकडे एक बोटभर एकावर एक ठेवायचे. आणि सगळ्या थरांचे जोड एकाच रेषेत आणायचे नाहीत, तिथे कंगोरा होतो. एका आतल्या थरात अख्खा तुकडा मध्ये ठेव आणि दुसऱ्याचे दोन भाग करून वर-खाली लाव. कापड तेवढंच लागतं, जोड सरकतो.

मृणाल_सुदामानगर

बाबांची धोतरं आहेत! वहिनीने पुसायला म्हणून ठेवली होती, चार चांगली निघाली. म्हणजे आजीचं लुगडं बाहेर आणि आजोबांचं धोतर आत. भावाला सांगितलं, तर म्हणाला, पदर नक्की अख्खा ठेवणार ना? मी हो म्हटलं. पुढे काही बोलला नाही, पण धोतरं त्यानेच धुऊन वाळत घातली.

आता शिवायचं सांगा. मशीनवर घालू का? वेळ थोडा आहे.

केतकी_जोशी

मशीनवरच घाला. आमच्या शेजारच्या बाई क्विल्टिंगचं पाऊल लावून एका दिवसात देतात, ओळी अगदी सरळ येतात. हाताने बसलात तर ती जाईपर्यंत होणार नाही.

वसुधाताई_रामचंद्रनगर

नव्या कापडाला मशीन ठीक, केतकी. जुन्या कापडात मशीनचा टाका घट्ट आणि बारीक बसतो, भोकं जवळजवळ पडतात, आणि कापड त्या रेषेवर टपाल तिकिटासारखं फाटतं. हाताचा धावदोरा सैल असतो, ओढ बसली तर दोरा थोडा सरकतो, कापड वाचतं.

मृणाल, वेळेचं म्हणशील तर दीड इंचावर एक ओळ धरली की पाच फुटांत चाळीस ओळी होतात. सवय नसलेल्या हाताला एका ओळीला वीस-पंचवीस मिनिटं. रोज दोन तास बसलीस तर सात-आठ दिवस. दीड इंचापेक्षा विरळ जाऊ नकोस. विरळ घातलेली गोधडी पहिल्या धुण्यात आतून सरकते आणि एका कोपऱ्यात गोळा होते, मग ती कोणी पांघरत नाही.

पण खरं काम आहे ते कच्चे टाके. तिथे घाई केली की पुढचं सगळं वाकडं. फरशी पुसून खालचा थर उलटा पसर, चारही कोपऱ्यांवर वजनं ठेव, पाटा-वरवंटा असेल तर उत्तम. तळव्याने मधून बाहेर सुरकुती काढ. त्यावर एकेक थर, प्रत्येकाला तसाच तळवा. मग मधून सुरुवात करून कडेकडे लांब कच्चे टाके, वीतभर अंतराने, उभे आणि आडवे. कडेपासून सुरुवात केलीस तर सगळी सुरकुती मध्ये ढकलली जाते आणि तिला बाहेर जायला वाट राहत नाही. हे झालं की गोधडी उचलून मांडीवर घेता येते, टीव्हीसमोर बसूनही ओळी होतात.

दोरा सुती, दुहेरी. नायलॉनचा नको, तो जुन्या कापडाला कापतो. शेवटी काढून ठेवलेल्या काठातला एक घे, दुमडून चारही कडांना पट्टी लाव. कडा तेवीस फूट, आणि पदर अख्खा ठेवल्यामुळे एक काठ वीस फूट. कमी पडणारे तीन फूट दुसऱ्या काठातून जोड. त्याचा उरलेला भाग ठेवून दे, कड नेहमी आधी झिजते, पाच वर्षांनी झिजलेल्या जागी लावायला होईल.

माजी_रेक्टर

मी बराच काळ मुलांच्या वसतिगृहाचा रेक्टर होतो, आता इंदुरातच असतो. वरची चर्चा आनंदाने वाचली. एका गोष्टीचा उल्लेख आला नाही, तो करतो. वाचायला बरं वाटणार नाही, पण भेट टिकावी म्हणून लिहितो. ढेकूण.

गोधडीचा जोड, काठाची पट्टी, टाक्यांच्या ओळी, या ढेकणाला लपायला अगदी सोयीच्या जागा. गोधडीत ढेकूण आपोआप होत नाहीत आणि अस्वच्छतेमुळेही होत नाहीत. ते आधीच्या मुलाच्या गादीतून किंवा कुणाच्या तरी बॅगेतून येतात. म्हणून भाचीला पहिल्या दिवशी सामान लावायच्या आधी कॉट बघायला सांगा. मोबाइलची बॅटरी लावून कॉटचे सांधे, फळीच्या चिरा, गादीची शिवण आणि कोपऱ्यातली पट्टी उचलून बघायची. शाईच्या टोकाने टिंबं दिल्यासारखे काळे ठिपके, फिकट पिवळी सोललेली सालं, किंवा चादरीवर गंजासारखा लाल डाग दिसला तर गादीवर काहीही न टाकता लगेच कार्यालयात सांगायचं. पहिल्या दिवशी सांगितलं तर खोली बदलून मिळू शकते. महिन्याने सांगितलं तर मुलीनेच आणले असं म्हणतात, हे मी पाहिलं आहे.

बाकी भेटींबद्दल थोडंसं. कुणी विजेची किटली देणार असेल तर थांबवा. ती दीड हजार वॅटची असते, खोलीतल्या छोट्या सॉकेटला तेवढा भार पेलत नाही आणि बहुतेक वसतिगृहांत तिला बंदी असते. आम्ही दर सत्रात जप्त करायचो. आई-वडिलांनी प्रेमाने दिलेल्या वस्तू जप्त करायला वाईट वाटायचं.

ग्वाल्हेरचे_शिंदे

रेक्टरसाहेब, ढेकणाला घाबरायचं कशाला? गोधडी कडक उन्हात दिवसभर टाकली की मरतात. आमच्याकडे मे महिन्यात सगळ्या गाद्या गच्चीवर जातात.

माजी_रेक्टर

शिंदेसाहेब, ग्वाल्हेरच्या मे महिन्यात काही मरत असतीलही. पण दोरीवर टाकलेल्या कापडाची एक बाजू तापते आणि ढेकूण सावलीच्या बाजूला किंवा शिवणीत सरकतो. त्याला आणि विशेषतः अंड्यांना मारायला कापड आतपर्यंत पन्नास अंशांच्या वर तापून काही वेळ तसंच राहावं लागतं. नुसत्या उन्हाने जाड गोधडीत ते होत नाही. खात्रीचा उपाय म्हणजे साठ अंशांच्या गरम पाण्यात धुणं आणि मग ड्रायरमध्ये वाळवणं. पुण्यात नाणी टाकून चालणाऱ्या किंवा किलोवर धुऊन देणाऱ्या लाँड्र्या आहेत, तिथे होतं. इथेही पातळ गोधडीचा फायदा आहे, ती मशीनमध्ये बसते आणि आतपर्यंत तापते.

वसुधाताई_रामचंद्रनगर

साठ अंशांच्या पाण्यात मरून रंग पुन्हा सुटेल हो. आणि हातचे टाके ड्रायरमध्ये आवळतील. माझ्या हातची गोधडी मी असल्या यंत्रात घालू देणार नाही.

माजी_रेक्टर

मान्य. तो नेहमीचा धुण्याचा मार्ग नव्हे, ढेकूण झालेच तर करायचा. तेव्हा रंग थोडा गेला तरी गोधडी वाचते. नाहीतर मुलं ती टाकून देतात.

निखिल_पुणे

मधला मार्ग सुचवतो. गोधडीला खोळ शिवा. पांढऱ्या पातळ मलमलची, एका बाजूने बंद लावलेली. रोजचा घाम, चहा, मॅगी, शाई, सगळं खोळीवर. आर्किटेक्चरवाल्यांच्या खोलीत फेव्हिकॉल आणि कटरही असतात, माझा रूममेट त्याच ब्रँचचा होता, कॉटवर बसूनच मॉडेल कापायचा. आठवड्याला खोळ धुवायची, गोधडी महिन्या-दोन महिन्यांनी. पावसाळ्यात तर सुकायलाच दोन दिवस लागतात, तोपर्यंत पांघरायचं काय? म्हणून बरोबर एक साधी सोलापुरी चादरही द्या. ती आजीची नसेल, पण गोधडी दोरीवर असेल त्या रात्री कामाला येईल.

बडोद्याची_अनु

खोळ घातली की लुगडं अंगाला लागतच नाही. मग नुसती रजाई काय वाईट? त्या पोरीला आजीचा मऊपणाच हवा असणार.

वसुधाताई_रामचंद्रनगर

अनुशी सहमत. गोधडी ही वापरून, धुऊनच मऊ होते. खोळीत घातलेली गोधडी आहे तशी राहते. डाग पडले तर पडू देत.

निखिल_पुणे

ताई, फेव्हिकॉल सुकल्यावर निघत नाही हो. पण ठीक आहे, खोळ शिवून द्या, घालायची की नाही ते तिला ठरवू द्या.

ग्वाल्हेरचे_शिंदे

या वयाच्या पोरांना घरचं सामान चारचौघांत लाज आणतं, हेही धरून चाला. आमच्या मुलाने रजाईचं कौतुक पहिल्या वर्षी कधीच केलं नाही. मित्रांसमोर ब्लँकेट वापरायचा. दुसऱ्या वर्षी मात्र फोन करून विचारलं, खोळ फाटली आहे, कुठून शिवून घेऊ. मृणालताई, पहिल्या महिन्यात तिने फोटो नाही पाठवला तर मन खट्टू करू नका.

मृणाल_सुदामानगर

शिंदेकाका, हे सांगितलंत ते बरं झालं. मी खरंच फोटोची वाट बघत बसले असते.

तर ठरलं ते असं. मरून लुगडं, बाबांची दोन धोतरं, चार थर, पाच बाय साडेसहा. पदर भावाकडे. रुमालाची परीक्षा काल केली तेव्हा अगदी पुसट गुलाबी उमटलं, म्हणून अजून दोन धुणी देते. वास बराच उतरला आहे. क्लॉथ मार्केटमधून मलमल आणली, खोळ मशीनवर शिवून टाकते, ती तिच्या मर्जीवर. सोलापुरी चादर काका देणार, बॅग तिची तिनेच घेतली. रेक्टरकाकांचं कॉट बघायचं वहिनीला वाचून दाखवलं, पोहोचवायला तीच जाणार आहे, आता बॅटरी घेऊनच जाते म्हणाली.

एक विचारायचं राहिलं. धोतराला एक-दोन ठिकाणी बारीक भोकं आहेत. ठिगळ लावू की तेवढं सोडून कापू?

वसुधाताई_रामचंद्रनगर

आतल्या थराला ठिगळ लावत बसू नकोस. भोकावर त्याच धोतराचा हातभर तुकडा नुसता ठेव, कडा न दुमडता, आणि त्याच्या चारही बाजूंनी कच्चा टाका घाल म्हणजे सरकणार नाही. वरून ओळी गेल्या की तो पक्का बसतो. फक्त दोन भोकं दोन्ही थरांत एकाखाली एक येऊ देऊ नकोस, तुकडे फिरवून लाव.

कच्चे टाके झाले की उजेडात एक फोटो टाक. सुरकुती राहिली असेल तर ओळी सुरू करायच्या आधीच सांगता येईल.